सहकारी सहा महिन्यांच्या रजेवर चालली आहे, हँडओव्हरची मीटिंग नेमकी कधी ठेवायची?

निशिगंध (९ तारीख, रात्री १०:४०)

आमची एक सहकारी पुढच्या महिन्याच्या १६ तारखेपासून सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर आहे. तिला इथे सई म्हणते, खरं नाव नाही. ऑफिस लहान आहे. हिशेबाचं बरंचसं काम ती एकटी बघते: व्हेंडरची बिलं आणि त्यांची पेमेंट, पगाराची आकडेमोड, महिनाअखेरचं क्लोजिंग आणि मधेमधे 'सईला विचार, तिला माहीत असेल' या सदरात मोडणारं सगळं.

साहेबांनी मला सांगितलं, "तिच्या शेवटच्या दिवशी, १५ ला, तासभराची मीटिंग लाव. ती सगळ्यांना सगळं समजावेल." मला हे पटत नाहीये, पण का पटत नाहीये तेही धड सांगता येत नाहीये. मी हिशेबातली नाही, समन्वयाचं काम बघते. मीटिंग कधी ठेवावी, कोणाला बोलवावं आणि यादीत काय काय असावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

मधला_बाक (९ तारीख, रात्री ११:१५)

नोटीस पिरियड किती आहे? पाच आठवडे म्हणजे बरे आहेत. आधी लॅपटॉप जमा करून घ्या, नाहीतर शेवटचा हिशेब अडवून ठेवता येतो. अनुभवाचं पत्र तिने आधीच मागून ठेवावं, आमच्याकडे चार महिने लावले होते.

निशिगंध (९ तारीख, रात्री ११:२१)

अहो, ती नोकरी सोडत नाहीये! रजेवर जातेय, परत येणार आहे. 🙂

धावतं_चाक (१० तारीख, सकाळी ८:०५)

एवढा घोळ कशाला घालायचा? तिला सांगा, पुढचा महिनाभर जे काम करशील त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग कर. सगळे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये. पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून साहेबांकडे. जो नवीन बसेल तो व्हिडिओ बघून करेल. आम्ही असंच केलं आणि मीटिंगसुद्धा लागली नाही.

जुनी_खातेवही (१० तारीख, सकाळी ९:३०)

निशिगंधताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. मी बावीस वर्षं हिशेब विभागात काढली आहेत, चार्ज घेतलाही आहे आणि दिलाही आहे.

मीटिंगची तारीख रजेच्या तारखेवरून ठरवायची नसते, कामाच्या फेऱ्यांवरून ठरवायची असते. तुमच्याकडे पेमेंट महिन्यातून किती वेळा जातात, पगाराची माहिती कधी गोळा होते आणि क्लोजिंग कधी असतं, ते आधी सांगा. मग रजेपर्यंत प्रत्येक कामाच्या किती फेऱ्या उरल्यात ते मोजू. नवीन माणसाने एक फेरी बघायला हवी आणि एक फेरी स्वतः करायला हवी, सई शेजारी बसलेली असताना. दोन फेऱ्या मिळणार असतील तर उत्तम. एकच मिळणार असेल तर बघण्याची चैन सोडा, त्या एकाच फेरीत त्याने स्वतः करायचं आणि सईने कीबोर्डला हात लावायचा नाही.

१५ ला मीटिंग घेतलीत तर एकही फेरी उरत नाही. शंका खरं काम करताना येतात, आणि तोवर सई घरी असेल.

निशिगंध (१० तारीख, दुपारी १:१०)

सईला विचारून आले. पेमेंट १० आणि २५ ला (आजची फेरी सकाळीच झाली). पगारासाठी हजेरी आणि बदल २५ पर्यंत गोळा होतात, पगार ३० ला जमा होतो. क्लोजिंग १ ते ५.

जुनी_खातेवही (१० तारीख, दुपारी २:००)

म्हणजे पेमेंटच्या दोन फेऱ्या उरल्या, या महिन्याची २५ आणि पुढची १०. पगार आणि क्लोजिंगची प्रत्येकी एकच. सई गेल्यावर पहिली एकट्याची फेरी येते तिच्या रजेच्या दहाव्या दिवशी, २५ ला. त्याच सुमारास पगाराचंही सुरू होतं.

म्हणून मीटिंग याच आठवड्यात, १३ किंवा १४ ला घ्या. ती शिकवण्याची मीटिंग नाही हे साहेबांना आधीच सांगा. त्या मीटिंगमध्ये एवढंच ठरवायचं की कोणतं काम कोणाकडे जाणार, आणि कोणतं कोणाकडेच जाणार नाही. शिकणं पुढच्या चार आठवड्यांत जागेवर होईल. १५ ला पंधरा मिनिटांची एक भेट ठेवा, ती फक्त राहिलेल्या ओळींसाठी.

बाळंतपणाची रजा आहे, त्यामुळे १६ ही तारीख पक्की धरू नका. डॉक्टर आधीच घरी बसायला सांगू शकतात. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी त्याच ओळी घ्या ज्या आज फक्त सईच करू शकते. उद्या ती आलीच नाही तर काय अडेल, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा.

धावतं_चाक, तुमचं निम्मं बरोबर आहे. कुठे क्लिक करायचं हे व्हिडिओत छान दिसतं. पण अमुक व्हेंडरचं बिल दरवेळी दोनदा येतं आणि दुसरं रद्द करायचं असतं, हे ज्या महिन्यात घडेल त्याच महिन्याच्या व्हिडिओत दिसणार. अपवाद लिहूनच घ्यावे लागतात. शिवाय पगाराच्या पडद्याचं रेकॉर्डिंग सामायिक फोल्डरमध्ये टाकणार असाल तर देवच राखो.

पासवर्डच्या पाकिटाबद्दल मात्र साफ नाही म्हणतो. सई रजेवर असताना तिच्या नावाने पेमेंट चढत राहिली, तर उद्या एखाद्या नोंदीबद्दल विचारणा झाली की नाव तिचं निघणार. ती बिचारी बाळ सांभाळतेय आणि रेकॉर्ड म्हणतंय की मंगळवारी दुपारी तिने पैसे पाठवले. नवीन माणसाला बँकेत स्वतःचा युजर काढून द्या. त्याला वेळ लागतो, फॉर्म, सह्या, बँकेची मंजुरी. म्हणून तो अर्ज मीटिंगचीही वाट न बघता उद्याच टाका.

धावतं_चाक (१० तारीख, दुपारी २:२५)

आमच्याकडे काही झालं नाही एवढंच म्हणेन. पण पगाराच्या व्हिडिओचं मान्य.

तळटीप (१० तारीख, रात्री ९:५०)

मी आयटीवाला. मीटिंगला आयटीतलं कोणीतरी पंधरा मिनिटं तरी बसवा, आणि सईच्या नावावर काय काय बांधलेलं आहे ते आधी शोधा. कामाची यादी करताना लोक 'मी काय करते' एवढंच लिहितात. तिच्या खात्यातून आपोआप काय होतं, ते तिलाही आठवत नसतं.

माझ्या अनुभवात अडतात त्या जागा अशा. बँकेचा ओटीपी तिच्या फोनवर येतो का. एखाद्या सेवेच्या नूतनीकरणाची सूचना फक्त तिच्या मेलवर जाते का. रोज रात्री चालणारा एखादा अहवाल तिच्या लॉगिनखाली चालतो का, कारण पासवर्डची मुदत संपली की तो गुपचूप बंद पडतो आणि 'अहवाल आला नाही' हे कोणाच्या लक्षात यायलाच दोन आठवडे जातात. दर आठवड्याच्या मीटिंगची आमंत्रणं तिच्या नावाने आहेत का. आणि बिलांचा जो पत्ता आहे, तो खरंच सामायिक मेलबॉक्स आहे की सईच्याच मेलला दिलेलं दुसरं नाव?

आणखी एक. काही ठिकाणी बरेच दिवस लॉगिन झालं नाही की खातं आपोआप बंद होतं. तुमच्याकडे असा नियम आहे का, आणि असेल तर तिच्या फायलींचं काय होतं, ते विचारून ठेवा.

निशिगंध (१० तारीख, रात्री १०:१५)

तळटीप, ओटीपी तिच्याच फोनवर येतो. मी यात कधी लक्षच घातलं नव्हतं! बिलांचा पत्ता सामायिक आहे, ते ठीक आहे. बाकी उद्या विचारते.

कोकिळा_७ (११ तारीख, सकाळी ७:२०)

मी दोन वेळा अशा रजेवर जाऊन आलेय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

पहिल्या वेळी माझ्या यादीत प्रत्येक कामापुढे 'टीम' असं लिहिलं होतं. परिणाम असा झाला की टीममधला प्रत्येकजण मला फोन करायचा, 'हे कोण बघतंय?' म्हणून. मलाच! बाळ दहा दिवसांचं, आणि मी एका हाताने कुणाला तरी फाइल शोधून देतेय. दुसऱ्या वेळी मी अडून बसले की प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव हवं, आणि तो नसेल तर कोण, त्याचंही. फोन जवळजवळ बंद झाले.

आणि यादी तिला 'आठवेल तशी' लिहायला सांगू नका. शेवटच्या महिन्यात डोकं आधीच भरलेलं असतं. तिच्याबरोबर बसून मागच्या तीन महिन्यांचे पाठवलेले मेल आणि कॅलेंडर चाळा. निम्मी यादी तिथेच मिळेल.

अजून एक मनातलं. मीटिंगच्या आमंत्रणात 'बाळंतपणाची रजा' लिहू नका. 'सईच्या कामांचं वाटप' एवढं पुरे. कोणाला काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे. (इथे लिहिलंत ते चाललं, इथे तिला कोणी ओळखत नाही.)

जुनी_खातेवही (११ तारीख, सकाळी ९:१०)

कोकिळाताई, तीन महिन्यांचं बरोबर, पण तेवढ्याने वर्षातून एकदा येणारी कामं सुटतात. ती रजेवर असेल ते सहा महिने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये उघडा. ऑडिटरला द्यायची पत्रं, विम्याचं नूतनीकरण, सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना, असलं काहीतरी तिथे नक्की सापडेल.

वाचनमात्र (११ तारीख, सकाळी ११:४५)

धागा वाचून दमलो. सहा महिनेच ना? साहेबांनीच पेमेंट करावीत, प्रश्न मिटला. तसेही ते मंजुरी देतातच.

जुनी_खातेवही (११ तारीख, दुपारी १२:३०)

वाचनमात्र, नेमकं तेवढंच करायचं नाही. आज सई नोंद चढवते आणि साहेब मंजूर करतात. बँकेच्या भाषेत ती मेकर, ते चेकर. दोन्ही एकाच माणसाने केलं तर चुकीचा आकडा बघायला दुसरे डोळे उरत नाहीत. साहेबांवर अविश्वास म्हणून म्हणत नाही. एक शून्य जास्त पडणं कोणालाही होतं. चेकरलाही पर्यायी माणूस हवा बरं का, साहेब आजारी पडले तर सईची बदली असूनही पेमेंट अडेल.

निशिगंध (११ तारीख, रात्री ११:००)

आज सईबरोबर दोन तास बसले. बापरे. ती 'माझं काम सात-आठ गोष्टींचं' म्हणत होती, यादी सतरा ओळींची झाली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमधून तीन सापडल्या, त्यातली एक हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची. त्याची सूचना फक्त तिच्या मेलवर येते आणि मुदत तिच्या रजेच्या तिसऱ्या महिन्यात संपते.

प्रत्येक ओळीत काम, कधी येतं, कोणाकडे, तो नसेल तर कोण, आणि कुठे अडू शकतं, एवढं लिहिलंय. कच्ची वाटणी अशी (नावं सगळी बदललेली):

व्हेंडरची बिलं तपासून चढवणं आणि पेमेंटची नोंद: ओंकार. पर्यायी मंजिरी. अडू शकतं ते म्हणजे बँकेचा युजर, अर्ज आजच टाकला.
पगार: इथे गाडी अडली आहे.
क्लोजिंग: ओंकारच, पण तपासणी साहेबांची.
ऑडिटरची पत्रं, विमा, परवाना: मी. पर्यायी साहेब.
दर सोमवारचा खर्चाचा अहवाल: कोणाकडे द्यावा कळत नाही, चार तास खातो.

पगारासाठीही साहेब ओंकारचंच नाव घेतायत, 'तो मोकळा आहे' म्हणून.

जुनी_खातेवही (१२ तारीख, सकाळी ८:४०)

पगार मोकळ्या माणसाला देत नाहीत, ज्याला आकडे बघायचा अधिकार आहे त्याला देतात. ओंकार कनिष्ठ असेल तर त्याला शेजारच्या टेबलाचा पगार कळणार, आणि सई परत आली तरी तो ते विसरणार नाही. मनुष्यबळ विभागात कोणी आहे का?

शिवाय बिलं, पेमेंट, क्लोजिंग आणि पगार हे चारही एकाच्या डोक्यावर. ओंकारचं स्वतःचं काम कोण करणार? हा प्रश्न मीटिंगमध्ये साहेबांसमोरच विचारा, कारण त्याचं काम कमी करण्याचा अधिकार फक्त त्यांना आहे. साहेबच मीटिंगला नसले तर सगळे माना डोलावतील आणि महिन्याभरात सगळं कोसळेल.

सोमवारच्या अहवालाचं सोपं आहे. तो कोण वाचतं ते विचारा.

निशिगंध (१२ तारीख, दुपारी ४:००)

मंजिरी मनुष्यबळातच आहे, तिला पगाराचे आकडे तसेही माहीत असतात. विचारलं तर तयार आहे, पण तिला गणितं कधी करावी लागली नाहीत. मीटिंग १३ ला सकाळी ११ वाजता लावली, पाऊण तास. सई, ओंकार, मंजिरी, साहेब, मी आणि पहिली पंधरा मिनिटं आयटीचा माणूस. यादी आज सगळ्यांना पाठवली, 'वाचूनच या' असं लिहून.

मधला_बाक (१२ तारीख, दुपारी ४:३०)

आधीच्या उत्तराबद्दल सॉरी, घाईत वाचलं होतं. ती परत येणार असेल तर एक विचारतो. परत आल्यावर कामं तिला परत मिळतील असं लिहून घेतलंय का? माझ्या बहिणीची कामं 'तात्पुरती' दिली गेली आणि ती आल्यावर तिच्याकडे किरकोळ फाइल काम उरलं.

कोकिळा_७ (१२ तारीख, संध्याकाळी ६:१५)

मधला_बाक, यावेळी अगदी मुद्द्याचं बोललात. आणखी एक रकाना वाढवा, 'परत कधी'. नुसतं 'तात्पुरतं' लिहू नका, महिना लिहा.

निशिगंध (१३ तारीख, दुपारी ३:२०)

झाली मीटिंग. पन्नास मिनिटं लागली. सतरापैकी अकरा ओळींवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं, त्या वाचल्याच नाहीत. वेळ सहा ओळींवर गेला.

सोमवारच्या अहवालाबद्दल साहेबांना विचारलं, कोण वाचतं? ते म्हणाले, "मी नाही वाचत, मला वाटलं वरचे वाचतात." तिथल्या तिथे वरच्यांना मेल केला. उत्तर आलं, महिन्यातून एकदा पुरे. चारातले तीन सोमवार सुटले.

पगार मंजिरीकडे. ओंकारची विक्रीच्या आकड्यांची जुळवणी सहा महिने साहेबांनी दुसऱ्या विभागाकडे दिली. याला ते सहज तयार झाले नाहीत. 'बघू नंतर' म्हणत होते. सईनेच शांतपणे सांगितलं की तिला बिलांना महिन्याचे साधारण सहा दिवस लागतात, आणि ओंकारकडे मोकळे दोनच आहेत. आकडा समोर आल्यावर पुढे वाद झाला नाही.

'परत कधी'चा रकाना सईनेच भरला. फक्त व्हेंडर पेमेंटपुढे तिने प्रश्नचिन्ह टाकलंय. का ते बोलली नाही, मीही विचारलं नाही.

एक राहिलं. रजेत सईला फोन करायचा का? सई म्हणाली, शुक्रवारी एक मेसेज चालेल, जमेल तेव्हा उत्तर देईन. साहेब म्हणाले, "हो हो, अगदीच अडलं तर फोन करू." या 'अगदीच'चा अर्थ काय घ्यायचा?

कोकिळा_७ (१३ तारीख, दुपारी ३:४५)

'अगदीच'चा अर्थ रोज. शुक्रवारचा मेसेजसुद्धा नको. रजा म्हणजे रजा. एक दार उघडं ठेवलंत की लोक स्वतः शोधायचं सोडून देतात.

जुनी_खातेवही (१३ तारीख, संध्याकाळी ५:००)

मी इतका कडक नाही. जे तिच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नाही, जसं की दोन वर्षांपूर्वी एखाद्या व्हेंडरशी तोंडी काय ठरलं होतं, त्यासाठी एक वाट असावी. पण ती वाट फक्त निशिगंधताईंमार्फत. ओंकारने किंवा साहेबांनी थेट फोन करायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. सईच्या सुट्टीचा आपोआप जाणारा मेल बघून घ्या. 'मी सहा महिने रजेवर, पेमेंटसाठी ओंकारशी संपर्क करा' असं बाहेरच्यांना गेलं, तर फसवणाऱ्यालाही कळतं की पैशाच्या जागी नवखा माणूस बसलाय. मग व्हेंडरच्या नावाने मेल येतो, 'आमचं बँक खातं बदललं, यापुढे इथे पाठवा'. सई असती तर तिला भाषाच वेगळी वाटली असती. ओंकारने तो आवाज कधी ऐकलेला नाही. बाहेरच्यांसाठी फक्त सामायिक पत्ता द्या. आणि यादीत ओळ घाला की खातं बदलायची विनंती आली तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून विचारायचं आणि साहेबांची मंजुरी घ्यायची.

निशिगंध (१३ तारीख, संध्याकाळी ५:२०)

सईने नेमका तसाच मेल लिहून ठेवला होता, ओंकारच्या नंबरासकट. बदलला. अठरावी ओळ घातली.

वाचनमात्र (पुढच्या महिन्यातली ११ तारीख, रात्री ९:००)

काय झालं पुढे? दमलो होतो तरी वाचतोय.

निशिगंध (१२ तारीख, सकाळी १०:१०)

या महिन्याचं सांगते. मागच्या २५ ला ओंकारने पेमेंटची फेरी बघितली, १० ला स्वतः केली. बँकेचा युजर नवव्या दिवशी मिळाला, म्हणजे २५ च्या आधी, पण त्याची रोजची मर्यादा सईच्या निम्मी ठेवली होती. हे १० ला कळलं, जेव्हा शेवटची दोन पेमेंट पुढे जाईनात. सई शेजारी होती म्हणून निभावलं, तिच्या युजरने गेली. मर्यादा वाढवायचा अर्ज टाकलाय.

मंजिरीने केलेला सगळ्यांचा पगार बरोबर आला, फक्त महिन्याच्या मधे रुजू झालेल्या एकाचे दिवस चुकले. सईने बघूनही सांगितलं नाही, तपासणीत मंजिरीलाच सापडलं. नंतर सई मला म्हणाली, "जीभ चावून बसले होते."

निशिगंध (२८ तारीख, रात्री ९:३०)

तळटीप, तुमची माफी मागायची आहे. आणि ओंकारचीही, तो बिचारा दोन दिवस शिव्या खात होता.

सई १४ लाच घरी गेली, दोन दिवस आधी. २५ ची फेरी ओंकारने एकट्याने केली, सगळं सुरळीत. काल एका व्हेंडरचा फोन आला की दोन बिलांचे पैसे नाहीत. ओंकार म्हणतो बिलं आलीच नाहीत. व्हेंडर म्हणतो १७ आणि १९ ला मेल केलीत. ओंकारने त्याच्याकडून खात्याचा उतारा मागवला आणि आमच्या खातेवहीशी लावला. दोन बिलं खरंच आमच्याकडे नाहीत.

बिलांचा पत्ता सामायिक आहे असं मी इथे ठोकून दिलं होतं. तो सामायिक नव्हता. ते सईच्या मेललाच दिलेलं दुसरं नाव होतं. त्यात तिने कधीतरी नियम लावला होता, काही व्हेंडरचे मेल ओंकारला पुढे जावेत म्हणून. त्यामुळे बरीचशी बिलं ओंकारला येत होती, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. नियमात नसलेल्यांची बिलं सईच्या इनबॉक्समध्ये पडून होती.

तळटीप (२८ तारीख, रात्री १०:०५)

माफी कसली. 'सामायिक आहे' हे उत्तर मी तिथेच मान्य केलं, चूक माझीही. तपासायचा सोपा मार्ग सांगायला हवा होता. बाहेरच्या खात्यावरून त्या पत्त्यावर एक मेल पाठवायचा आणि सईचा लॅपटॉप बंद असताना तो ओंकारला दिसतो का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम.

आता खरा सामायिक मेलबॉक्स करून तोच पत्ता तिकडे वळवून घ्या. आणि १४ पासूनचे मेल तिच्या इनबॉक्समधून काढायचे तर ते आयटीने, तिला विचारून, फक्त त्या पत्त्यावर आलेले. तिचा अख्खा मेलबॉक्स ओंकारला उघडून देऊ नका.

निशिगंध (२८ तारीख, रात्री १०:२०)

तसंच केलं. एकूण पाच बिलं निघाली, दोनांची मुदत उलटलेली. तिला विचारण्यासाठी शुक्रवारचा मेसेज वापरला, तिने 'हो' एवढंच उत्तर दिलं आणि बाळाचा फोटो पाठवला.

साहेबांनी मात्र तिला २६ ला थेट फोन केला होता, हे मला आज कळलं. परवान्याच्या मुदतीबद्दल. ती ओळ यादीत होती, माझ्या नावाने.

कोकिळा_७ (२८ तारीख, रात्री १०:३२)

सांगितलं होतं ना, 'अगदीच'.

जुनी_खातेवही (२९ तारीख, सकाळी ८:१५)

साहेबांना यादी छापून टेबलावर ठेवा. ते फाइल उघडणाऱ्यांतले दिसत नाहीत.

त्या प्रश्नचिन्हाचं काय झालं? ओंकारला पेमेंटचं काम आवडायला लागलं असेल, तर सई यायच्या आधी तिघांनी बोलून घ्या. ती आल्यावर बोललात तर दोघांपैकी एकाला आपल्याकडून काढून घेतल्यासारखं वाटणार.

निशिगंध (२९ तारीख, सकाळी ९:००)

आवडायला लागलंय. काल पाच बिलं शोधून काढल्यापासून तर जास्तच. साहेब म्हणतात पाचव्या महिन्यात बघू. सईच्या मनात काय आहे मला अजून माहीत नाही, आणि शुक्रवारच्या मेसेजमध्ये हे विचारायचं नाही असं मी ठरवलंय.